चौदाचे अठ्ठ्याण्णव होतात तेव्हा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत चाचणी संपली की वर्गशिक्षक गुणांचा तक्ता हाताने भरतात. डावीकडे हजेरी क्रमांक आणि नाव, पुढे एकेका विषयाचा रकाना, शेवटी बेरीज. हेच गुण पुन्हा संगणकात भरायचे असतात. ४० विद्यार्थी आणि ५ विषय म्हणजे २०० चौकटी. त्यापेक्षा मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढून संगणकालाच तो वाचू द्यावा, ही कल्पना सोपी वाटते. पण खरी अडचण अंक वाचण्यात नसते. वाचलेला अंक चुकला आहे, हे कळण्यात असते.

फोटो तिरपा असतो, कागदाला घडी असते, कोपऱ्यात हाताची सावली पडलेली असते. म्हणून आधी तक्त्याचे चार कोपरे शोधून चित्र सरळ केले जाते. मग आडव्या-उभ्या रेघांवरून चौकटी ठरतात, प्रत्येक चौकट वेगळी कापली जाते आणि त्यातला एकेक अंक ओळखला जातो. सुट्या हस्तलिखित अंकांवर आजची तंत्रे ९९ टक्क्यांहून अधिक अचूक ठरतात. तरीही २०० चौकटींत दोन-दोन अंक धरले तर ४०० अंक होतात आणि शंभरात एक चूक म्हटली तरी एका वर्गात सरासरी ४ अंक चुकतात.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. इंग्रजी अंकांसाठी १९९८च्या सुमारास तयार झालेला ‘एमनिस्ट’ हा ७० हजार नमुन्यांचा संच जगभर वापरला गेला. देवनागरी अंकांवरही काम झाले आहे, इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात त्यावर संशोधन झाले आहे. पण शाळेच्या तक्त्यात दोन्ही लिप्या एकत्र येतात. मराठीचे शिक्षक देवनागरी अंक लिहितात, गणिताचे शिक्षक इंग्रजी. देवनागरी एक म्हणजे वर गोल आणि खाली शेपूट, अगदी इंग्रजी नऊसारखा. देवनागरी चारची वरची दोन टोके घाईत जुळली की इंग्रजी आठ तयार होतो. म्हणजे मराठीत १४ गुण मिळालेल्या मुलाला संगणक ९८ देऊ शकतो. कमाल गुण ५० असतील तर ही चूक लगेच पकडली जाते. कमाल १०० असतील तर ९८ हा आकडा कुणालाच खटकत नाही आणि ज्याला खास शिकवणीची गरज आहे, तो मुलगा हुशारांच्या यादीत जातो.

इथे शिक्षकांनी शेवटी मांडलेली बेरीज कामी येते. समजा या मुलाच्या ओळीत संगणकाने ९८, ६२, ५८, ४७ आणि ५५ वाचले. त्यांची बेरीज ३२० होते. तक्त्यात मात्र २३६ लिहिलेले आहे. फरक ८४ चा. अठ्ठ्याण्णवातून चौदा वजा केले तरी नेमके ८४ च उरतात. खाली विषयवार बेरीज असेल तर मराठीच्या रकान्यातही हाच फरक दिसतो आणि चुकीची चौकट जिथे ओळ व रकाना एकमेकांना छेदतात तिथे सापडते. तरीही संगणकाने आकडा परस्पर बदलू नये. कधी कधी शिक्षकांचीच बेरीज चुकलेली असते. चौकट रंगवून दाखवावी आणि शेजारी मूळ फोटोचा तुकडा ठेवावा. निर्णय माणसाने घ्यावा.

बेरजेला न सापडणाऱ्या चुकाही असतात. गैरहजर मुलाच्या चौकटीत आडवी रेघ असते किंवा ती कोरी असते. तिथे शून्य भरले तर बेरीज बिघडत नाही, पण परीक्षेला न आलेला मुलगा काहीच न येणारा ठरतो. दुसरी चूक याहून मोठी. नावांच्या यादीतली एखादी ओळ सुटली, तर तिथून खालच्या सगळ्यांचे गुण एकेक घर सरकतात. प्रत्येक बेरीज जुळते, पण गुण मात्र शेजाऱ्याचे असतात.

ही चूक ओळखण्यासाठी हजेरी क्रमांक उपयोगी पडतो. तो गुणांबरोबर त्याच ओळीतून वाचावा आणि नाव पटावरून घ्यावे. एकूण ओळी पटसंख्येइतक्या आहेत का, हे मोजावे. शेवटी पहिल्या, मधल्या आणि अखेरच्या विद्यार्थ्याचे गुण कागदाशी ताडून पाहावेत. मधेच घसरण झाली असेल तर अखेरची ओळ ती बहुधा उघडी पाडते. दोनशे चौकटी पुन्हा तपासण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम आहे.