मनगटाला पडलेला पीळ

अ‍ॅनिमेशनपटातलं पात्र कुलपात किल्ली फिरवतं. पंजा वळतो आणि त्याच क्षणी मनगटाच्या जरा वर हात एकदम बारीक होतो, दोन्ही टोकांना पिळलेल्या गोळीच्या कागदासारखा. अ‍ॅनिमेटर या दोषाला ‘कँडी रॅपर’च म्हणतात.

संगणकातल्या पात्राची त्वचा म्हणजे हजारो बिंदूंची जाळी. कुठल्या हाडाने कुठला बिंदू किती ओढायचा, हे ‘वेट’ नावाच्या आकड्याने ठरतं. मनगटाजवळचा एखादा बिंदू निम्मा हाताच्या हाडाचा, निम्मा पंजाचा. लिनियर ब्लेंड स्किनिंग ही जुनी पद्धत दोन्ही हाडांना विचारते, ‘हा बिंदू तू कुठे नेशील?’ आणि दोन उत्तरांची सरळ सरासरी काढते.

गोची इथेच आहे. मनगटाचा आडवा छेद घड्याळाची तबकडी समजा. हाताच्या मते बिंदू 12 वर राहायला हवा. 120 अंश फिरलेल्या पंजाच्या मते 4 वर. सरासरी काढली की बिंदू या दोहोंना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या मध्यावर येतो, म्हणजे तबकडीच्या आत. मनगटाची त्रिज्या 3 सेंटिमीटर असेल, तर तिथे उरते दीड. पीळ 180 अंशांचा झाला, तर 12 आणि 6 यांची सरासरी थेट केंद्रात. हाताची जाडी शून्य!

लॅडिस्लाव्ह कॅव्हन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये यावर ड्युअल क्वाटर्नियनचा उपाय मांडला. यात प्रत्येक हाडाचं फिरणं आणि सरकणं आठ आकड्यांत लिहितात. सरासरी बिंदूंच्या जागांची नव्हे, या हालचालींचीच काढतात आणि बेरजेनंतर आकडे प्रमाणात आणतात, त्यामुळे उत्तर पुन्हा शुद्ध हालचालच राहतं. मग 12 आणि 4 यांच्या मधला बिंदू तबकडीच्या काठावरच, 2 वर बसतो. जाडी शाबूत.

पण हीच गोलाई कोपरावर नडते. हात वाकवला की सांध्याची बाहेरची बाजू फुगते. शिवाय पीळ 180 अंशांपलीकडे गेला, तर ‘जवळचा रस्ता’ अचानक दुसऱ्या बाजूचा ठरतो आणि त्वचा झटक्यात उलटते.

म्हणून जुनी पद्धत ठेवून हातात जादा ‘ट्विस्ट बोन’ घालण्याचा मार्गही सर्रास वापरतात. 120 अंशांचा पीळ 40-40 अंशांच्या तीन टप्प्यांत वाटला, की 3 सेंटिमीटरची त्रिज्या फार तर 2.8 पर्यंत उतरते. खऱ्या शरीराशीही हे जुळतं. तळहात उलटताना पीळ एकट्या मनगटात पडत नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून फिरतं.

मायामध्ये दोन्ही पद्धतींचं मिश्रण भागाभागाने ठरवता येतं: हाताला ड्युअल क्वाटर्नियन, कोपराला लिनियर. ब्लेंडर मोफत मिळतो; त्यात आर्मेचर मॉडिफायरमध्ये `Preserve Volume` ही चौकट आहे. पंजा 120 अंश फिरवून ती चालू-बंद करून पाहा, आणि मनगट जमलं म्हणून थांबू नका. कोपर वाकवून फुगवटाही तपासा.