पन्नास रुपयांची फरशी किती रुपयांना पडते?

दुकानदार ‘पन्नास रुपये फूट’ म्हणाला की आपण खोलीच्या क्षेत्रफळाला पन्नासने गुणतो. माझ्या मते फरशीच्या खरेदीत सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. 11 बाय 9 फुटांच्या, म्हणजे 99 चौरस फुटांच्या एका खोलीचाच हिशेब मांडून पाहू.

पहिली गोष्ट, ‘दोन बाय दोन’ची टाइल दोन फुटांची नसते. ती 600 मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ 1 सेंटिमीटर कमी. चार टाइल्सच्या बॉक्समध्ये 16 नव्हे, साडेपंधरा चौरस फूट माल असतो. बिल मात्र बऱ्याचदा 16 फुटांचं होतं. त्यामुळे भाव बॉक्सचा विचारावा.

दुसरा गैरसमज, ‘दहा टक्के जास्त घेतलं की झालं’. तसं घेतलं तर 109 फूट, म्हणजे 7 बॉक्स, 28 टाइल्स येतात. पण आपल्या खोलीत 11 फुटांच्या बाजूला पाच अख्ख्या टाइल्स बसून सुमारे 34 सेंटिमीटर उरतात आणि 9 फुटांच्या बाजूला चार बसून साधारण तेवढेच. 60 सेंटिमीटरच्या टाइलमधून 34 सेंटिमीटरचे दोन तुकडे निघत नाहीत. म्हणून सहा गुणिले पाच, 30 टाइल्स लागतात. मागाहून आणलेल्या दोन टाइल्स वेगळ्या लॉटच्या निघाल्या, तर रंगातला फरक खोलीत दिसत राहतो.

कापून उरलेले तुकडे मात्र वाया जात नाहीत. प्रत्येक तुकडा सुमारे 25 सेंटिमीटर रुंद असतो. त्यातून चार इंचांच्या स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या निघतात, आणि दार वगळून लागणारी 37 फूट स्कर्टिंग त्यातच भागते. मिस्त्रीला हे काम सुरू होण्याआधीच सांगा, नाहीतर तुकडे राडारोड्यात जातात. तुटफुटीसाठी दोन टाइल्स धरल्या की 32, बरोबर 8 बॉक्स.

आता खर्च. त्यातले दर उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचे घालावेत. 16 फुटांच्या हिशेबाने बॉक्स 800 रुपयांचा, त्यावर 18 टक्के जीएसटी; आठ बॉक्सचे 7,552 रुपये. नुसत्या टाइल्सच 76 रुपये फुटाने पडल्या. ‘मजुरी पंचवीस रुपये फूट’ यात स्कर्टिंग सहसा नसते, ती रनिंग फुटावर वेगळी लावतात. बसवण्याचे 2,475, स्कर्टिंगचे 15 रुपयांनी 555, सिमेंट-वाळू-ग्राउटचे 1,980, गाडी आणि हमालीचे 600. एकूण 13,162 रुपये. भागिले 99, म्हणजे 133 रुपये फूट.

गाडी परत जाण्याआधी आठही बॉक्सवरचा लॉट नंबर आणि शेड जुळवून घ्या, फुटलेल्या टाइल्स मोजून चलनावर लिहून घ्या.