एका पानात दहा आठवडे

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्यातल्या दहा किलोमीटरसाठी पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्याने कॅलेंडर उलटं मोजावं. दहा आठवडे मागे गेलं की नोव्हेंबरचा दुसरा आठवडा येतो. ज्याला न थांबता अर्धा तास भरभर चालता येतं, त्याला एवढा अवधी सहसा पुरतो.

तक्ता एका पानावर मावला पाहिजे. आडव्या दहा ओळी म्हणजे आठवडे, उभे सात रकाने म्हणजे वार. आधी रविवारचा रकाना भरायचा, कारण सगळी योजना त्याच्यावर उभी असते. रविवारचं अंतर क्रमाने असं: ३, ४, ५, ४, ६, ७, ५, ८, ६ आणि शेवटी शर्यतीचे १० किलोमीटर. मध्येच ४ आणि ५ वर उतरणं ही लिहिण्यातली चूक नव्हे. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. ते हलके आठवडे त्यांच्यासाठी असतात. सरावात ८ किलोमीटर आरामात झाले, तर ताज्या पायांनी १० होतात.

मंगळवार आणि गुरुवारच्या चौकटीत मात्र किलोमीटर लिहू नयेत, मिनिटं लिहावीत. अंतर दिसलं की नवखा माणूस ते लवकर संपवायला धावतो. ‘३० मिनिटं: २ मिनिटं धाव, १ मिनिट चाल, दहा वेळा’ एवढं पुरे. पुढे धाव ३ मिनिटं, मग ४ मिनिटं करत न्यायची. वेग किती? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागली, तर वेग जास्त आहे. बुधवारी वीस मिनिटं बैठका आणि टाचा उचलण्याचा व्यायाम, शनिवारी नुसतं चालणं, सोमवार-शुक्रवार विश्रांती. विश्रांतीची चौकट कोरी ठेवू नये. कोऱ्या जागेत लोक काहीतरी भरतात.

खरी परीक्षा डिसेंबरातल्या लग्नसराईत होते. समजा, पाचव्या आठवड्यात हळदीमुळे गुरुवार बुडाला. तो शुक्रवारी भरून काढायचा नाही, सोडून द्यायचा. अख्खा आठवडा गेला, तर मागचा आठवडा पुन्हा करायचा आणि आठव्या आठवड्यानंतरचा ६ किलोमीटरचा रविवार गाळायचा. शर्यतीआधीचे शेवटचे सहा दिवस मग दोन छोट्या, हलक्या धावांवर भागवायचे. हा नियम तक्त्याखाली ठळक छापावा, कारण नेमका तेव्हाच तो कुणाला आठवत नाही.

त्याच्याच खाली दुखण्याची ओळ हवी. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील आणि दोन दिवसांत ओसरत असतील, तर ते सरावाचं दुखणं. नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, चालतानाही जात नसेल, तर धावणं बंद करून डॉक्टरांकडे जावं. हाडाला बारीक चीर गेल्याची ती खूण असू शकते. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथल्या तिथे थांबावं. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी पहिल्या सोमवारच्या आधीच तपासणी करून घ्यावी.