कुंडीतल्या टोमॅटोचा काळा तळ

गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पहिला घोस धरतो, फळं लिंबाएवढी होतात आणि त्यांच्या बुडाशी पाणचट डाग दिसू लागतो. आठवडाभरात तो पसरतो, काळपट तपकिरी होतो आणि चामड्यासारखा कडक होऊन आत दबतो. हा ब्लॉसम एंड रॉट. दुसरी तक्रार पुढे मार्चमध्ये येते. फळ पिकायला लागलेलं असतं, अवकाळी पावसाची एक सर येते आणि दुसऱ्या दिवशी देठापासून खाली चिरा गेलेल्या दिसतात. एकात फळ सडल्यासारखं दिसतं, दुसऱ्यात फुटतं. म्हणून माणसं दोन वेगळी औषधं शोधतात. गच्चीवर मात्र दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे कुंडीतल्या ओलाव्याची चढउतार.

आधी काळ्या बुडाचं बघू. हा रोग नाही. बुरशीही नाही आणि कीडही नाही. सडलेल्या जागेवर नंतर काळी बुरशी बसते, पण ती आयत्या बिळावरची. खरं कारण कॅल्शियम. पेशींच्या भिंती पक्क्या व्हायला तो लागतो आणि झाडात तो फक्त मुळाकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर जातो. हे पाणी वर खेचलं जातं ते मुख्यतः पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे. फळातून फारच थोडी वाफ जाते, त्यामुळे त्याच्या वाट्याला कमी पाणी येतं आणि देठापासून सर्वांत लांबच्या टोकाला त्याहून कमी. पानात एकदा बसलेला कॅल्शियम परत काढून फळाकडे पाठवण्याची सोय झाडाकडे नाही. फळ धरल्यावर पहिले दोन आठवडे ते झपाट्याने वाढतं. नेमकं तेव्हा दुपारभर माती कोरडी पडली, तर बुडाच्या पेशी कच्च्याच राहतात आणि कोसळतात. डाग मागाहून दिसतो. त्यामुळे आज काळं बुड दिसलं, तर चूक आजच्या पाण्यात न शोधता मागच्या आठवड्या-दोन आठवड्यांच्या पाण्यात शोधायला हवी.

म्हणूनच अंड्याच्या टरफलांवर माझा फारसा विश्वास नाही. ती कुजायला कित्येक महिने घेतात आणि तोवर हंगाम उरकलेला असतो. पानांवर कॅल्शियम फवारला तरी तो पानातच राहतो. कुंडीत माती आणि चांगलं शेणखत किंवा कंपोस्ट असेल, वर नळाचं किंवा बोअरचं पाणी मिळत असेल, तर कॅल्शियम सहसा पुरेसा असतो. तो पोचत नाही, एवढंच. अपवाद म्हणजे निव्वळ कोकोपीटमध्ये लावून आरओचं पाणी घालणाऱ्यांचा. तिथे कॅल्शियम खरोखर कमी पडतो आणि आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट मुळाशी दिलेलं उपयोगी ठरतं. उलट युरिया घातला तर काम बिघडतं. पानं भराभर वाढतात, जास्त पाणी ओढतात आणि फळ मागे पडतं.

आता प्रश्न उरतो, कुंडीत पाणी मावतं तरी किती? याचा अंदाज घ्यायला घरातला वजनकाटा पुरतो. समजा दहा इंची कुंडी आहे. सकाळी तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला, निथळू द्या आणि झाडासकट काट्यावर ठेवा. वजन नऊ किलो भरलं. संध्याकाळी पुन्हा तोलली तेव्हा साडेसात. म्हणजे दिवसभरात दीड लिटर पाणी गेलं. फळांनी लगडलेलं झाड मार्चच्या उन्हात एवढं सहज पितं. आठेक लिटर मातीच्या कुंडीत झाडाला सहज ओढता येईल असं पाणी जेमतेम तेवढंच असतं. म्हणजे चार वाजेपर्यंत टाकी रिकामी. वीस लिटरची रंगाची बादली घेतली तर तेच झाड दीड-दोन दिवस काढू शकतं. पाण्याची वेळ सांभाळणं जमणार नसेल, तर रोप लावतानाच मोठी बादली घेणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. तळाला भोकं पाडायला तेवढी विसरू नये.

आच्छादन येतं ते इथे. उसाचं पाचट बारीक करून, वाळलेला पालापाचोळा, भाताचा पेंढा किंवा नारळाच्या शेंड्या विंचरून, जे हाताशी असेल त्याचा सुमारे दोन इंचांचा थर मातीवर पसरायचा. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर ओलाव्याने खोड कुजतं. लॉनचं ताजं कापलेलं गवत जाड थरात टाकू नये. ते दबून चटईसारखं होतं, तापतं आणि वरचं पाणी खाली जाऊ देत नाही. आधी दोन दिवस वाळवलं तर चालतं. आच्छादनाआधी माती पूर्ण भिजलेली हवी. कोरड्या मातीवर पाचट घातलं, तर थोडं थोडं पाणी पाचटच पिऊन टाकतं.

आच्छादनाकडून अवाजवी अपेक्षाही नको. ते मातीच्या पृष्ठभागावरून उडणारं पाणी अडवतं. पानांतून जाणारं अडवू शकत नाही, आणि मोठ्या झाडाचं बहुतेक पाणी पानांतूनच जातं. त्याचा मोठा फायदा म्हणजे मुळांच्या वरच्या थराला ऊन लागत नाही. गच्चीवर कुंडीच्या बाजूही तापतात, विशेषतः काळ्या ग्रो बॅगच्या. दुपारच्या बाजूला गोणपाट गुंडाळलं किंवा पुढे वीट-दोन विटांचा आडोसा केला तर मुळं भाजत नाहीत. एक तोटा मात्र आहे. वरून सगळं झाकलेलं असल्याने माती ओली की कोरडी ते दिसत नाही. पाचट बाजूला करून बोट दोन पेरं आत घालावं. आत गारवा लागला तर थांबावं, कोरडं लागलं तर पाणी द्यावं.

पाणी सकाळीच आणि सावकाश घालावं. माती एकदा फार वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली येतं. थाळीत पाणी दिसतं, माणूस समाधानाने निघून जातो आणि मुळांचा गोळा मात्र कोरडाच राहतो. अशा वेळी थोडं पाणी घालून दहा मिनिटं थांबावं आणि पुन्हा घालावं. तेवढ्यानेही माती भिजली नाही, तर लहान कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी. कडक उन्हाळ्यात लहान कुंडीला संध्याकाळचं दुसरं पाणी लागतंच.

फळं तडकण्यामागे हीच चढउतार असते, फक्त उलट्या बाजूने. पिकायला आलेल्या फळाची साल फारशी ताणत नाही. दोन दिवस कोरड्यात राहिलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळालं की गर फुगतो आणि साल फाटते. शनिवार-रविवार गावी जाऊन आल्यावर दोन दिवसांची भरपाई म्हणून दोन बादल्या ओतणारे इथे फसतात. सुकलेल्या झाडाला आधी थोडंच पाणी द्यावं, बाकीचं संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी. पाऊस मात्र आपल्या हातात नाही. चेरी टोमॅटोला बूड काळं पडण्याचा त्रास क्वचितच होतो, पण सरीनंतर तडकण्यात ते आघाडीवर. लांबट जातींचं उलट, त्यांचंच बूड आधी काळं पडतं.

काळ्या बुडाची फळं दिसताक्षणी तोडावीत. ती सुधारत नाहीत आणि झाडाची ताकद उगाच खातात. वाढलेल्या फळाचा काळा भाग कापून उरलेल्याची चटणी खुशाल करावी. आभाळ भरून आलं असेल, तर बुडाशी गुलाबी झाक आलेली सगळी फळं लगेच उतरवून घरात ठेवावीत. त्या अवस्थेतलं फळ झाडाबाहेरही चार-पाच दिवसांत नीट पिकतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण थंडीत पिकणं थांबतं आणि चवही जाते.