पोटाबरोबर वाढणारी कमीज

आमची धाकटी नणंद शाळेत शिकवते. पाचवा महिना लागला तेव्हा तिने नव्या कमिजीचे कापड शिंप्याकडे टाकले आणि सांगितले, “भाऊ, जरा मोठी शिवा, पुढे लागेल.” शिंप्याने सरळ दोन माप मोठी कमीज कापली. ती घालून नणंद आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “भाभी, ही खांद्यावरून पळतेय, आणि पुढून वर जातेय. फळ्यावर लिहायला हात वर केला की शलवारीचा नेफा दिसतो.”

आम्ही दोघी जावा घरात बसून शिवणकाम करतो. पाहताक्षणी चूक लक्षात आली. बाळंतपणात बाईचा खांदा वाढत नाही, पाठ फारशी वाढत नाही. वाढते ती छाती आणि पुढची बाजू. सगळीच कमीज मोठी केली की गळा उघडा पडतो, मुंढा खाली लोंबतो आणि पोटावर मात्र कापड कमीच पडते. कुशीची शिवण पाहिली तर ती सरळ खाली उतरण्याऐवजी पोटाकडे वाकलेली होती. अशी वाकलेली शिवण दिसली की समजावे, पुढच्या भागात कापड अपुरे आहे.

मग आम्ही तिची नेहमीची, अंगाला नीट बसणारी कमीज काढली आणि तिच्यावरूनच कागद कापला. खांदा, गळा, मुंढा आणि पाठ यांना हात लावला नाही. छाती तेवढी नव्याने मोजली. एरवी ३६ असणारी आता ३८ भरली. त्यावर ४ इंच ढिलाई धरली आणि कुशीच्या शिवणीत एक इंच माया सोडली, कारण दूध उतरल्यावर छाती आणखी भरते.

पुढचा कागद आम्ही छातीच्या खाली आडवा कापला. खांद्यापासून १४ इंचांवर, म्हणजे वरचा योक वेगळा आणि खालचा घेर वेगळा. ही शिवण छातीच्या अगदी लगत घेऊ नये. पुढे छाती जड होऊन खाली येते आणि शिवण मध्येच कापते. घेराचा कागद घडीपासून दीड इंच लांब ठेवून कापला, की उलगडल्यावर ३ इंच जादा मिळतात. या ३ इंचांच्या चुण्या योकच्या मधल्या ६ इंचांतच घातल्या. चुण्या कुशीपर्यंत नेल्या तर बाई सगळीकडून फुगलेली दिसते, आणि जागा जिथे हवी तिथे मिळत नाही.

उंचीचे गणित बहुतेक जण विसरतात. पोट पुढे आले की कापड त्याच्यावरून चढून जाते आणि पुढची कड वर उचलली जाते. म्हणून पुढच्या मध्यावर आम्ही खाली अडीच इंच वाढवले आणि ती वाढ कुशीपर्यंत नेऊन शून्य केली. पाचव्या महिन्यात कड पुढे किंचित लोंबलेली दिसते. सातव्यात ती सरळ होते. कुशीचा कटही ३ इंच खाली घेतला.

आता ताणाची पट्टी. नेहमीच्या कमिजीला कमरेपाशी दोन्ही कुशींना आत वळण असते. त्याच खोबणीत आम्ही होडीच्या आकाराची, होजिअरीच्या ताणाच्या कापडाची पट्टी बसवली. योकच्या शिवणीपासून कटापर्यंत १२ इंच लांब, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये २ इंच रुंद, शिवणीची माया वेगळी. कापड घेताना दुकानातच ४ इंच चिमटीत धरून मोजपट्टीवर ओढून पाहावे. ते ६ पर्यंत गेले पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा ४ वर आले पाहिजे. परत येत नसेल तर घेऊ नये, महिनाभरात ते ढिले पडून लोंबेल. ताण पोटाभोवती आडवा यायला हवा. पहिल्या खेपेला आम्हीच घाईत पट्टी उभी कापली. कमीज लांब झाली, रुंद झाली नाही! पट्टी उसवून पुन्हा कापावी लागली.

ही पट्टी साध्या सरळ टिपेने शिवू नये. बाई खुर्चीत बसली की कापड ताणते, दोरा ताणत नाही, आणि टीप तुटते. मशीनवर बारीक नागमोडी टीप घालावी, सुई गोल टोकाची वापरावी आणि शिवताना कापड हाताने ओढू नये. ओढले तर शिवण लाटेसारखी वळते.

हिशेब असा झाला: पाठ १८ इंच, पुढचा भाग २१, दोन पट्ट्यांचे ४, एकूण ४३. त्या दिवशी तिचे पोट ३६ होते, म्हणून मागे दोन डोऱ्या लावून ढिलाई बांधून टाकली. नवव्या महिन्यात पोट ४२ भरले, तेव्हा डोऱ्या मोकळ्या होत्या. खाली बसताना वरचे एक-दोन इंच पट्टीने दिले.

दूध पाजण्याची सोय मात्र सुरुवातीलाच योजावी लागते, कारण त्यासाठी योक दुहेरी लागतो. आतला योक मऊ सुती कापडाचा. घेर त्यालाच जोडायचा. वरचा योक मूळ कापडाचा, १५ इंच लांब, म्हणजे जोडाची शिवण झाकून एक इंच खाली येणारा. तो खांदा, गळा आणि मुंढ्यात आतल्याबरोबर शिवायचा. कुशीत मात्र मुंढ्याखाली फक्त २ इंच पकडायचा आणि पुढे सुटा सोडायचा, नाहीतर तो वर उचलता येत नाही. त्याची खालची दुमड इंचभर रुंद ठेवावी. तिच्या वजनामुळे पंख्याच्या वाऱ्याने योक उडत नाही.

आतल्या योकला दोन उभ्या चिरा द्यायच्या. मध्यापासून पावणेचार इंचांवर, खांद्याखाली साडेसहापासून साडेतेरापर्यंत, प्रत्येकी ७ इंच. पण त्या आधी कापू नयेत. छाती किती खाली येईल हे पाचव्या महिन्यात सांगता येत नाही. आम्ही आठव्या महिन्यात नणंदेला कमीज घालायला लावली, वरचा योक उचलला आणि खडूने खूण केली. ती आमच्या मोजणीपेक्षा अर्धा इंच खाली आली. मग चिरेच्या कडांना पट्टी लावली आणि दोन्ही टोकांना दोऱ्याने आडवी गाठ भरली. गाठ नसेल तर चीर रोज थोडी थोडी फाटत जाते.

या पद्धतीत पोट झाकलेले राहते, गळा उघडावा लागत नाही. वरून ओढणी घेतली की सासरच्या बैठकीतही बाळाला पाजता येते. बटणे पुढे लावली की ती बाळाच्या गालाला टोचतात, आणि रडत्या बाळापुढे एका हाताने ती उघडणे काही सोपे नाही.

कापड ४४ इंच पन्ह्याचे ३ मीटर लागले, ताणाचे पाव मीटर. कापण्याआधी दोन्ही भिजवून वाळवली होती. सुती आटते आणि होजिअरी वेगळ्या प्रमाणात आटते, मग पहिल्याच धुण्यात पट्टी मुरडते.

बाळंतपणानंतर पोट लगेच उतरत नाही, त्यामुळे चाळिसाव्यापर्यंत नणंदेने हीच कमीज घातली. पुढे डोऱ्या घट्ट बांधल्या आणि पुढची वाढवलेली कड आम्ही आत दुमडून हातशिलाई केली. आता तिची थोरली जाऊ तीच कमीज मागते आहे. तिची छाती ४० आहे, तेव्हा कुशीतली माया सोडवायला घेतली आहे.