काम कोणाकडे, काम कुठे

आउटसोर्सिंग म्हणजे कंपनीचे स्वतःचे एखादे काम करार करून दुसऱ्या कंपनीकडून करून घेणे. ऑफशोअरिंग म्हणजे काम दुसऱ्या देशात नेणे. पहिल्यात काम कोण करतो ते बदलते, दुसऱ्यात ते कुठे होते ते बदलते. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, त्यामुळे नोकऱ्या, पगार आणि जबाबदारी यांवरच्या चर्चेत बराच घोळ होतो. काम देशातच राहूनही परक्या कंपनीच्या हाती जाऊ शकते, आणि परदेशात जाऊनही मूळ कंपनीच्याच हाती राहू शकते.

ब्रिटिश एअरवेज या एकाच विमान कंपनीच्या इतिहासात हे सगळे प्रकार सापडतात. 1997 साली तिने लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचा आपला खानपान विभाग ‘गेट गूर्मे’ या कंपनीला विकला. जेवण पूर्वीसारखे हीथ्रोजवळच तयार होत राहिले, पण ते करणारे कामगार आता दुसऱ्या मालकाचे झाले. हे ऑफशोअरिंगशिवायचे आउटसोर्सिंग. त्याच्या एक वर्ष आधी, 1996 मध्ये, याच कंपनीने हिशेबाची आणि कार्यालयीन कामे करण्यासाठी मुंबईत स्वतःचे एक केंद्र उघडले होते. मुंबईतले कर्मचारी तिचेच होते, म्हणजे हे आउटसोर्सिंगशिवायचे ऑफशोअरिंग. अशा केंद्राला या व्यवसायात ‘कॅप्टिव्ह’ म्हणतात. पुण्या-बंगळुरूत आज ज्यांना ‘जीसीसी’ म्हणतात, ती केंद्रे याच जातीची. पुढे 2002 मध्ये ‘वॉरबर्ग पिंकस’ या गुंतवणूक कंपनीने मुंबईच्या केंद्रातला बहुसंख्य हिस्सा विकत घेतला आणि ‘डब्ल्यूएनएस’ ही स्वतंत्र कंपनी इतर विमान कंपन्यांची व विमा कंपन्यांचीही कामे घेऊ लागली. जे काम कालपर्यंत केवळ परदेशात गेलेले होते, ते आता परदेशातही होते आणि परक्या कंपनीकडेही.

मुंबईला आलेले काम कोणत्या प्रकारचे असते हे कळले की ते का आले हेही कळते. समजा, एका प्रवाशाने मुंबई ते लंडन आणि तिथून पुढे तिसऱ्या शहराचे एकच तिकीट काढले. पहिला टप्पा एका कंपनीच्या विमानाने, दुसरा दुसरीच्या. पैसे मात्र तिकीट देणाऱ्या कंपनीकडे एकरकमी जमा झालेले असतात. दुसऱ्या कंपनीने प्रवाशाला नेल्यावर ती आपला वाटा मागते. तो वाटा ठरलेल्या नियमांनी काढायचा, आलेली मागणी बरोबर आहे का ते ताडून पाहायचे, जास्त मागितले असेल तर कारण देऊन परत पाठवायचे, आणि शेवटी विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या संघटनेच्या क्लिअरिंग हाउसमधून देणेघेणे मिटवायचे. कागदी तिकिटांच्या काळात प्रत्येक टप्प्याचे वेगळे कुपन असे आणि अशा कुपनांचे ढीगच्या ढीग तपासावे लागत.

या कामाला हुशारी, इंग्रजी आणि चिकाटी लागते, पण ते करणारा माणूस विमानतळाजवळ बसलेला असण्याची गरज नाही. नियम लिहून ठेवलेले असतात, निकाल बरोबर की चूक ते तपासता येते, आणि माहिती तारेवरून पाठवता येते. तेच काम करणाऱ्या पदवीधराला मुंबईत लंडनच्या मानाने खूप कमी पगार द्यावा लागतो. ऑफशोअरिंगचे मुख्य कारण हेच आहे आणि ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही.

पण मुंबईतले केंद्र आधीच स्वस्त होते, मग ते विकायचे कशासाठी? इथे आउटसोर्सिंगची स्वतःची कारणे सुरू होतात. एका विमान कंपनीचे हिशेब करणाऱ्या केंद्रात कामाची एक मर्यादा असते. तेच केंद्र दहा कंपन्यांचे हिशेब करू लागले की सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि तज्ज्ञ यांचा खर्च दहांत वाटला जातो. कर्मचाऱ्यांचाही प्रश्न असतो. विमान कंपनीत हिशेब तपासनीस कायम कडेलाच राहतो, तर हिशेबाच्याच धंद्यातल्या कंपनीत त्याला वर चढायला जागा असते. शिवाय मूळ कंपनीचे केंद्रात अडकलेले भांडवल मोकळे होते.

असे असेल तर कंपन्या सगळीच कामे बाहेर का देत नाहीत? अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1937 साली याचे उत्तर दिले. बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो: योग्य कंत्राटदार शोधणे, भाव ठरवणे, करार लिहिणे, काम झाले की नाही पाहणे. हा खर्च घरात काम करण्याच्या खर्चापेक्षा कमी असेल तोवरच बाहेर देणे परवडते. व्यवहारात कंपन्यांची चूक बहुधा याच हिशेबात होते. पगारातली बचत पहिल्याच पानावर दिसते, देखरेखीचा खर्च हळूहळू उघड होतो.

करारातला मोबदला कसा ठरवला यावर पुष्कळ काही अवलंबून असते. कंत्राटदाराला माणशी पैसे मिळत असतील, तर माणसे कमी करणारी सुधारणा करण्यात त्याचा तोटा आहे. तपासलेल्या दर कागदामागे मिळत असतील, तर घाई करण्यात त्याचा फायदा आहे. म्हणून करारात वेळेबरोबर अचूकतेचीही पातळी लिहितात. तरीही गडबड ओळखण्याची एक खूण आहे: ठरलेले सगळे आकडे पाळले जात असताना तक्रारी आणि परत आलेली प्रकरणे वाढत असतील, तर मोजायचे ते मोजलेच जात नाही. त्या वेळी मूळ कंपनीत ते काम जाणणारा कोणी उरलेला नसेल, तर दोष कुठे आहे हेसुद्धा सांगता येत नाही.

याहून मोठा धोका एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा. हीथ्रोवर तेच घडले. गेट गूर्मेला तोटा होत होता आणि ती खर्च कापू पाहत होती. ऑगस्ट 2005 मध्ये तात्पुरते कामगार आणल्यावरून वाद पेटला आणि तिने सुमारे 670 कामगारांना काढून टाकले. त्यांत साउथहॉल परिसरातल्या पंजाबी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ब्रिटिश एअरवेजच्या सामान चढवणाऱ्या कामगारांशी त्यांची संघटना एकच होती, अनेकांची तर नातीही होती. कामगारांच्या सहानुभूतीसाठी सामानवाल्यांनी काम थांबवले. विमाने जमिनीवर अडकली आणि एक लाखाहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. त्यानंतरही बरेच दिवस विमाने पुरेशा जेवणाविना उडत होती, कारण इतक्या विमानांना पुरेल एवढे स्वयंपाकघर हीथ्रोवर दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

कागदोपत्री हा वाद दुसऱ्या कंपनीचा होता. नुकसान मात्र ब्रिटिश एअरवेजला सोसावे लागले, ते सुमारे 4 कोटी पौंडांचे. अखेर तिने गेट गूर्मेशी नवा करार केला, आणि त्यात पुरवठादाराला आधीपेक्षा चांगल्या अटी दिल्या.