मुळाच्या टोकाशी काळा डाग: सिस्ट, ग्रॅन्युलोमा की गळू?

एक उदाहरण घेऊ. पस्तिशीतली एक बाई दात साफ करून घ्यायला दवाखान्यात येते. वरचा डावीकडचा, सुळ्याच्या अलीकडचा दात थोडा राखाडी पडलाय. शाळेत असताना ती पायरीवरून पडली होती, तेव्हा दाताला मार लागला होता. नंतर तो कधीच दुखला नाही. एक्स-रे काढल्यावर त्या दाताच्या मुळाच्या टोकाशी काळा गोल डाग दिसतो, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद. त्याची कड स्वच्छ आहे आणि भोवती बारीक पांढरी रेघ आहे. कुणीतरी एक्स-रे बघून सांगतं, ‘ही सिस्ट आहे, ऑपरेशन करून काढावी लागेल.’ बाई घाबरते. घरी जाऊन सगळ्यांना सांगते की जबड्यात गाठ झाली आहे.

असं तिला सांगणाऱ्याने एक्स-रेमध्ये जे दिसत नाही ते सांगितलं. एवढ्यासाठीच हा लेख.

त्या जागेवर डाग काळा का दिसतो? दाताच्या आतली नस मेली की त्या पोकळीत जंतू घर करतात. मुळाच्या टोकाच्या छिद्रातून त्यांचं विष बाहेर झिरपतं. शरीर तिथे पांढऱ्या पेशींची फौज उभी करतं, आणि जंतूंना हाडात शिरू न देण्यासाठी टोकाभोवतीचं हाड विरघळवून मागे घेतलं जातं. हाड गेलं की त्यातलं कॅल्शियम जातं. मग क्ष-किरण न अडता पलीकडे पोहोचतात आणि ती जागा काळी उमटते. म्हणजे काळा डाग सांगतो तो एवढंच, की इथलं हाड गेलंय. हाडाच्या जागी काय आलंय ते तो सांगत नाही. तिथे सुजलेलं मऊ मांस असो, पू असो की द्रव भरलेली पिशवी, एक्स-रेला हे सगळं जवळपास सारखंच पारदर्शक.

ते मांस म्हणजे ग्रॅन्युलोमा. त्यात नव्या रक्तवाहिन्या, तंतू आणि लढणाऱ्या पेशी असतात. जंतूंची सरशी झाली आणि मधोमध पेशी मरून पू साठला की ते गळू, डॉक्टरांच्या बोलीत ॲब्सेस. सिस्ट वेगळ्या वाटेने होते. दात घडत असताना उरलेल्या काही अस्तर-पेशी मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये आयुष्यभर निपचित पडून असतात. मालासेझ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. सूज दीर्घकाळ राहिली तर त्या जाग्या होऊन वाढू लागतात, आणि कधी कधी द्रव भरलेल्या पोकळीला आतून पूर्ण अस्तर लावून टाकतात. अस्तर असलेली ती पोकळी म्हणजे सिस्ट. बहुतेक वेळा ग्रॅन्युलोमापासूनच सिस्ट होते, त्यामुळे दोघांमध्ये मधल्या अनेक पायऱ्या असतात.

अनेक वर्षं दातांच्या डॉक्टरांना शिकवलं गेलं की डाग मोठा, गोल आणि पांढऱ्या रेघेचा असेल तर सिस्ट. लहान आणि रेघ नसलेला असेल तर ग्रॅन्युलोमा. कडा धूसर आणि पसरलेल्या असतील तर गळू. हे इतकं सोपं वाटतं की अजूनही कानावर पडतं. पण पांढरी रेघ म्हणजे डाग हळूहळू वाढतोय आणि भोवतीच्या हाडाला सावरून घट्ट व्हायला वेळ मिळालाय, एवढंच. सावकाश वाढणारा ग्रॅन्युलोमाही तशी रेघ आखतो, आणि सिस्टमध्ये जंतुसंसर्ग भडकला तर तिची रेघ पुसून जाते. एक्स-रे आणि काढलेल्या गाठीचे सूक्ष्मदर्शकाखालचे काप शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा या रेघेवर भरवसा ठेवता येत नाही असं दिसलं.

आकाराचा आधार थोडा बरा आहे. फार मोठ्या डागांमध्ये सिस्टचं प्रमाण वाढतं, हे खरं. एक्स-रेवर डागाचं क्षेत्रफळ २०० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेलं, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ झालं, की सिस्टची शक्यता बरीच वाढते असं जुन्या अभ्यासांतून मांडलं गेलं. आपल्या उदाहरणातला डाग शंभरच्याही आतच येतो. त्या आकाराला तिन्हींपैकी काहीही असू शकतं.

मग खरं प्रमाण किती? याचं सगळ्यात काटेकोर उत्तर १९९६ साली नायर, पायारोला आणि श्रोडर यांनी दिलं. काढलेल्या दातांच्या मुळाला जशाच्या तशा चिकटलेल्या २५६ गाठी त्यांनी घेतल्या आणि त्यांचे सलग बारीक काप पाहिले. निम्म्या गाठी ग्रॅन्युलोमा निघाल्या, ३५ टक्के गळू आणि फक्त १५ टक्के सिस्ट. यातलं महत्त्वाचं निरीक्षण पुढे आहे. निम्म्याहून जास्त गाठींमध्ये अस्तर-पेशी वाढलेल्या होत्या, पण त्यातल्या बऱ्याच सिस्ट नव्हत्या. गाठीचा एखादाच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आला आणि त्यात अस्तराची पट्टी दिसली, तर तपासणारा सहज ‘सिस्ट’ लिहून मोकळा होतो. त्याआधीच्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये सिस्टचं प्रमाण ६ टक्क्यांपासून ५५ टक्क्यांपर्यंत का फिरत होतं, त्याचं एक कारण हे.

या अभ्यासाने आणखी एक भेद पक्का केला. काही सिस्टची पोकळी दाताच्या नळीकडे उघडी असते, पिशवीचं तोंड मुळाच्या टोकावर बसवल्यासारखी. काही मात्र चहूबाजूंनी बंद असतात. उघड्या सिस्टचं पोषण नळीतल्या जंतूंवर चालतं. नळी स्वच्छ झाली की ती विरण्याची आशा धरता येते. बंद सिस्ट नळीवर अवलंबून नसल्यामुळे रूट कॅनलनंतरही टिकून राहू शकते. १५ टक्क्यांमध्ये बंद सिस्ट सुमारे ९ आणि उघड्या ६. या दोन्ही एक्स-रेवर सारख्याच दिसतात.

गळूची गंमत उलटी आहे. नव्याने उठलेलं गळू, ज्याच्या ठणक्याने रात्रभर झोप येत नाही आणि दात इतरांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटून घास चावता येत नाही, ते पहिल्या एक-दोन दिवसांत एक्स-रेवर बहुधा दिसतच नाही. फार तर मुळाभोवतीची बारीक काळी रेषा थोडी रुंद झालेली असते. हाडातलं पुरेसं खनिज जायला वेळ लागतो. १९६१ मध्ये बेंडर आणि सेल्टझर यांनी मृतांच्या जबड्यांवर प्रयोग करून दाखवलं की आतल्या जाळीदार हाडात पोखरलेला खड्डा साध्या एक्स-रेवर दिसेलच असं नाही; बाहेरचं टणक कवच झिजलं की तो नीट दिसू लागतो. म्हणून ठणका मोठा आणि एक्स-रे कोरा, यात विसंगती नाही. ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ म्हणून अशा रुग्णाला परत पाठवणं चूक आहे.

गळू ओळखायचं ते तोंडात बघून. दातावर हलकं ठोकलं की कळ जाते का, हिरडीवर सूज आहे का, बोटाने दाबल्यावर आत द्रव हलल्यासारखं लागतं का? जुनं गळू असेल तर बहुधा दुखत नाही, कारण पूला वाट मिळालेली असते. हिरडीवर एक पुळी येते, फुटते, बसते, पुन्हा येते. त्या पुळीच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे नळी भरायच्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी हळूच आत सरकवून एक्स-रे काढतात. काडी पांढरी उमटते आणि तिचं टोक पू नेमका कोणत्या मुळातून येतोय तिथे जाऊन थांबतं. पुळी एका दातासमोर आणि दोषी शेजारचा, असं पुष्कळदा निघतं. जबड्याखाली सूज पसरली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र त्याच दिवशी, लगेच रुग्णालय गाठावं.

डाग पाहिल्यावर नाव शोधण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: नस जिवंत आहे की मेली? थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा आधी शेजारच्या चांगल्या दातावर टेकवतात, म्हणजे रुग्णाला गारवा कसा लागतो ते कळतं, आणि मग संशयित दातावर. आपल्या उदाहरणात शेजारचे दोन्ही दात गारव्याने दचकतात, राखाडी दाताला काहीच कळत नाही. म्हणजे डागाचं मूळ या दातातच आहे, असं मानायला सबळ आधार मिळाला. गारवा नीट कळला असता तर वाट बदलली असती. खालच्या उपदाढेच्या टोकाशी दिसणारा काळा ठिपका कधी कधी जबड्यातल्या नसेचं नैसर्गिक छिद्र असतो. एक्स-रेचा कोन बदलून दुसरा काढला की तो मुळापासून सरकतो, खरा डाग टोकाला चिकटून राहतो. खालच्या पुढच्या दातांखाली मध्यमवयीन स्त्रियांमध्ये दिसणारा एक हाडाचा बदलही सुरुवातीला असाच काळा असतो आणि दात जिवंत असतात. तिथे रूट कॅनल केलं तर निरोगी दात मारला जातो.

राखाडी दाताचं रूट कॅनल होतं. दाताभोवती रबराचा पडदा लावून नळी सोडियम हायपोक्लोराइटने धुतात, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध काही आठवडे ठेवतात, मग नळी भरून वर पक्कं बंद करतात. त्यानंतर वाट पाहणं हाच उपचाराचा भाग असतो. सहा महिन्यांनी एक्स-रे, वर्षाने पुन्हा, आणि डाग लहान होत असेल पण पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत पाहत राहतात. हाड कडेकडून आत भरत येतं. पहिल्या वर्षात डाग आवळला, तर तो ग्रॅन्युलोमा होता की उघडी सिस्ट, हे कधीच कळत नाही, आणि कळायची गरजही उरत नाही.

सीबीसीटी नावाचं त्रिमितीय स्कॅन डाग लवकर आणि अचूक दाखवतं, मुळाची राहून गेलेली नळी, नाकाजवळच्या पोकळीशी नातं, सगळं स्पष्ट करतं. पण सिस्ट आणि ग्रॅन्युलोमा यांत खात्रीने फरक करायला तेही पुरेसं ठरलेलं नाही. म्हणून फक्त नाव ठरवण्यासाठी कुणी ते सुचवत असेल तर कारण विचारायला हवं.

ऑपरेशनची वेळ येते ती डाग वाढत राहिला, नळी पुन्हा साफ करूनही पू येत राहिला किंवा डाग इतका मोठा असला की दुसऱ्या आजाराची शंका यावी तेव्हा. मुळाचं टोक कापून गाठ काढतात. ती शक्यतो अखंड काढून, मुळाच्या टोकासकट, पॅथॉलॉजीला पाठवावी लागते. खरवडून तुकडे पाठवले तर अहवालात ‘सिस्ट’ लिहून येईल, पण पोकळी नळीकडे उघडी होती की बंद, हे सांगायला त्या बाटलीत काही उरलेलं नसतं.